चार घासांत पोट भरतं तेव्हा: मंदावलेल्या जठराच्या प्रश्नाचा आढावा

भूक लागलेली असते, पान वाढलेलं असतं, पहिले चार घास चवीनं जातात आणि मग पोटाच्या वरच्या भागात एकदम गच्च वाटू लागतं. पुढचा घास नकोसा होतो. अर्धी भाकरी आणि दोन चमचे भाजी यांवर जेवण आटोपतं आणि उठल्यावरही तासन्‌तास अन्न तिथंच बसून असल्यासारखं वाटत राहतं. घरात याला ‘गॅस झालाय’ किंवा ‘अ‍ॅसिडिटी वाढलीय’ असं म्हणतात, औषधाच्या दुकानातून एखादी गोळी आणली जाते आणि कित्येक महिने त्यावर निघतात.

वैद्यकशास्त्रात या तक्रारीला ‘अर्ली सटायटी’ म्हणतात. तिच्या मागं जठर रिकामं होण्याचा वेग मंदावलेला असू शकतो, म्हणजे गॅस्ट्रोपॅरेसिस असू शकतो, हे आता पाठ्यपुस्तकांत आहे. पण ‘असू शकतो’ आणि ‘असतो’ यांच्यामधलं अंतर किती, यावर गेली पंचवीस-तीस वर्षं या क्षेत्रातल्या तज्ज्ञांत मतभेद आहेत. त्या चर्चेत आज काय ठरलं आहे आणि काय अजून ठरायचं आहे, ते इथं पाहू.

तक्रार नेमकी कोणती

आधी तीन तक्रारी वेगळ्या करायला हव्यात, कारण दवाखान्यात त्या बऱ्याचदा एकाच वाक्यात सांगितल्या जातात. पहिली, भूकच न लागणं. यात पानावर बसावंसंच वाटत नाही. दुसरी, भूक आहे पण थोडं खाल्ल्यावर पोट भरून जाणं. तिसरी, जेवण पुरं झालं तरी नंतर खूप वेळ पोट जड राहणं. आपला विषय मुख्यत्वे दुसरीचा आहे. तिसरी तिच्या जोडीनं पुष्कळदा येते. पण दोघींची वेळ वेगळी आहे, आणि सगळा वाद या वेळेपाशीच येऊन थांबतो.

ही तक्रार जठराच्या मंदपणाचीच खूण आहे, असं कुणी एकदम धरून चालू नये. जठराचा कर्करोग, विशेषतः जठराची भिंतच ताठ करून टाकणारा प्रकार, अशीच तक्रार घेऊन येतो. जठराच्या तोंडाशी व्रणामुळं आलेला अडथळा, वाढलेली प्लीहा, पोटात साठलेलं पाणी, स्त्रियांमध्ये बीजकोशाची गाठ यांनीही जठराला फुगायला जागा उरत नाही आणि थोड्या अन्नानं पोट भरतं. म्हणून वेगाचा प्रश्न हाती घेण्यापूर्वी दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, आणि गरजेनुसार सोनोग्राफी करतात. वजन झपाट्यानं घटणं, काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं किंवा पन्नाशीच्या पुढं पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार असेल, तर या तपासण्या लांबणीवर टाकू नयेत. अडथळा कुठंच नाही आणि तरी अन्न पुढं सरकत नाही, हे दिसल्यावरच गॅस्ट्रोपॅरेसिसचं निदान करता येतं.

एका जठराची दोन कामं

जठर म्हणजे एक साधी पिशवी, ही समजूत इथं अडचण करते. वरचा घुमटासारखा भाग आणि खालचा निमुळता भाग यांची कामं अगदी वेगळी आहेत. घास गिळताच वरचा भाग सैल पडतो. रिकामं जठर शंभर मिलिलिटरच्या आसपासचं असतं. पण ते सैल पडत गेल्यामुळं लिटरभर अन्न सामावतं आणि तरीही आतला दाब फारसा वाढत नाही. आपण पोटभर जेवू शकतो ते यामुळं. अन्न इथं शांतपणे साठून राहतं.

खालचा भाग दळण्याचं काम करतो. मिनिटाला साधारण तीन या गतीनं आकुंचनाच्या लाटा तिथं फिरतात. ही लय ठरवणाऱ्या पेशींना ‘काहाल पेशी’ म्हणतात. लाट जठराच्या दाराशी, म्हणजे पायलोरसपाशी, पोहोचते तेव्हा दार जवळजवळ मिटतं आणि अन्न मागं ढकललं जातं. असं पुन्हा पुन्हा होऊन कण एक-दोन मिलिमीटरपर्यंत बारीक झाले की मग ते लहान आतड्यात जातात. त्यामुळं घन अन्नाच्या बाबतीत सुरुवातीचा बराच वेळ, वीस-तीस मिनिटं किंवा त्याहूनही अधिक, फारसं काही बाहेर पडतच नाही. पातळ पदार्थाला ही वाट पाहावी लागत नाही. पाणी तर घेतल्या घेतल्या उतरू लागतं.

आता तक्रार आणि ही घडण शेजारी ठेवून पाहा. चार घासांत पोट भरतं ते पहिल्या पाच-दहा मिनिटांत. त्या वेळी निरोगी माणसाच्या जठरातूनही घन अन्न बाहेर पडायला सुरुवात झालेली नसते. मग जे काम अजून सुरूच झालेलं नाही, त्याच्या मंदपणामुळं पोट आधीच कसं भरेल? माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हा आहे, आणि त्याची दोन उत्तरं दिली जातात. एक, आधीच्या जेवणातलं अन्न अजून जठरात आहे, म्हणून नव्याला जागा नाही. दोन, जठराचा वरचा भाग सैलच पडत नाही, म्हणून थोड्या अन्नानंही भिंतीवर ताण येतो. पहिलं उत्तर वेगाचं आहे, दुसरं जागेचं.

ही समज कशी येत गेली

जठर आत काय करतं हे माणसाला पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसलं ते एका अपघातामुळं. १८२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठरात उघडणारं भोक कायम राहिलं. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँ यांनी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे त्या भोकातून आत सोडून कुठला पदार्थ किती वेळात विरघळतो याच्या नोंदी केल्या आणि १८३३ मध्ये त्या पुस्तकरूपानं छापल्या. सगळे पदार्थ सारख्या वेगानं पचत नाहीत, हे तिथून पुढं नोंदींच्या आधारानं बोलता येऊ लागलं.

पुढचं पाऊल क्ष-किरणांचं. हार्वर्डमध्ये शिकत असलेल्या वॉल्टर कॅनननं मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न खाऊ घालून जठराची हालचाल पडद्यावर पाहिली आणि १८९८ मध्ये ती प्रसिद्ध केली. वरचा भाग शांत राहून अन्न धरून ठेवतो आणि लाटा खालच्या भागातच फिरतात, हे त्यात स्पष्ट दिसलं. मांजर बिथरलं की या लाटा थांबतात, हेही त्यानं नोंदवलं.

आपल्या प्रश्नाचं सगळ्यात बोलकं उत्तर मात्र एका शस्त्रक्रियेतून नकळत मिळालं. पेप्टिक व्रणावर उपाय म्हणून शिकागोच्या लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी १९४३ पासून व्हेगस ही नस कापण्याची पद्धत रूढ केली. आम्ल कमी झालं, व्रण भरून आले, पण अनेक रुग्णांच्या जठरात अन्न साठून राहू लागलं. मग नस कापताना जठराचं दार रुंद करण्याची जोडशस्त्रक्रियाही करावी लागली. या रुग्णांत दोन्ही दोष एकत्र दिसले. वरचा भाग सैल पडेना, म्हणून थोडक्यात पोट भरे. खालचा भाग दळेना, म्हणून घन अन्न रेंगाळे. पातळ पदार्थ मात्र कधी कधी उलट जास्तच वेगानं उतरत. एकच नस दोन्ही भाग सांभाळते, त्यामुळं ती दुखावली की जागा आणि वेग दोन्ही बिघडतात. चार घासांतलं पोट भरणं मंद वेगाकडं बोट दाखवू शकतं ते मुख्यतः या वाटेनं. एक दोष दुसऱ्याला जन्म देतोच असं नाही, पण दोघांचं मूळ पुष्कळदा एक असतं.

मधुमेहात या नसेची झीज होते. १९५८ मध्ये पॉल कॅसँडर यांनी मधुमेहींच्या जठरात अन्न साठून राहत असल्याचं वर्णन केलं आणि या विकाराला आज प्रचलित असलेलं नाव दिलं. त्यांच्या रुग्णांना मात्र काहीच तक्रार नव्हती. म्हणजे मंद जठर आहे पण त्रास नाही, ही शक्यता या विकाराच्या पहिल्याच वर्णनात आहे. पुढचा सगळा वाद समजून घेताना ती विसरून चालत नाही.

मोजायचं कसं

१९६६ मध्ये कार्डिफच्या ग्रिफिथ आणि सहकाऱ्यांनी अन्नात किरणोत्सारी क्रोमियम मिसळून ते जठरातून किती वेगानं कमी होतं हे बाहेरून मोजलं. कल्पना उत्तम होती, पण नंतरची अनेक वर्षं प्रत्येक रुग्णालय आपापलं जेवण देई आणि आपापल्या वेळेला मोजमाप थांबवी. एके ठिकाणचं ‘मंद’ दुसऱ्या ठिकाणी ‘ठीक’ ठरे.

२००८ मध्ये अमेरिकेतल्या दोन तज्ज्ञसंस्थांनी मिळून एक प्रमाण पद्धत मांडली. रात्रभर उपाशी राहून आलेल्या माणसाला टेक्नेशियम मिसळलेला अंड्याचा पांढरा भाग, पावाचे दोन तुकडे, थोडा जाम आणि १२० मिलिलिटर पाणी देतात. सगळं मिळून सुमारे २५५ कॅलरी, आणि स्निग्धांश जवळजवळ नाहीच. हे दहा मिनिटांच्या आत खायचं असतं. मग खाऊन होताच, एक तासानं, दोन तासांनी आणि चार तासांनी गॅमा कॅमेऱ्याखाली चित्रं घेतात. दोन तासांनी ६० टक्क्यांहून जास्त किंवा चार तासांनी १० टक्क्यांहून जास्त अन्न जठरात उरलेलं असेल तर वेग मंद. चार तासांचा आकडा जास्त विश्वासाचा. तपासणी दीड-दोन तासांतच आवरली तर बरेच मंद जठराचे रुग्ण निरोगी म्हणून घरी जातात.

या तपासणीत चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. रक्तातली साखर त्या दिवशी खूप चढलेली असेल तर निरोगी जठरही मंदावतं, म्हणून साखर २७५ च्या वर असेल तर तपासणी करत नाहीत. अफूवर्गीय वेदनाशामकं आणि जठराची गती बदलणारी औषधं दोन-तीन दिवस आधी थांबवावी लागतात. मधुमेह आणि वजन यांसाठी हल्ली दिली जाणारी सेमाग्लुटाइडच्या कुळातली इंजेक्शनं जठर मंद करतात. थोडक्यात पोट भरणं हा त्यांच्या गुणाचाच एक भाग आहे. ती चालू असताना मिळालेल्या आकड्यावरून रोग ठरवता येत नाही. आणि रुग्णाला समोरचं जेवण संपवताच आलं नाही तर? अर्ध्या जेवणावरचा आकडा प्रमाणाशी जुळवता येत नाही. ज्या तक्रारीसाठी तपासणी करायची, तीच तक्रार तपासणीच्या आड येते. प्रत्यक्षात ही अडचण वारंवार येते.

कार्बनचं स्थिर रूप मिसळलेलं अन्न देऊन श्वासातून वेग मोजण्याची पद्धतही आहे. अमेरिकेत तिला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. तिच्यात किरणोत्सार नाही. पण या दोन्ही पद्धती वेग मोजतात, जागा मोजत नाहीत. वरचा भाग किती सैल पडतो हे पाहायचं तर जठरात एक फुगा सोडून त्यातला दाब स्थिर ठेवत आकारमान मोजावं लागतं. ते रुग्णाला त्रासदायक असतं आणि संशोधनकेंद्रांबाहेर फारसं होत नाही. त्याऐवजी पोषक पेय ठरावीक गतीनं, काही ठिकाणी मिनिटाला १५ मिलिलिटर, पाजत ‘आता पुरे’ म्हणेपर्यंत किती जातं हे पाहण्याची सोपी चाचणी आहे. ती तक्रारीचं माप देते, कारण मात्र सांगत नाही.

तीन भूमिका

पहिली भूमिका वेगाला महत्त्व देणाऱ्यांची. मेयो क्लिनिकच्या गटानं २०१९ मध्ये जुन्या अभ्यासांची एकत्र छाननी केली. घन अन्न वापरून, पुरेसा वेळ, योग्य पद्धतीनं मोजमाप केलेले अभ्यास वेगळे काढले, तेव्हा मंद वेग आणि मळमळ, उलटी, दुखणं, लवकर पोट भरणं यांचा संबंध दिसून आला. त्याच गटाच्या दुसऱ्या छाननीत, योग्य पद्धतीनं मोजलं असता औषधानं वेग जितका सुधारतो तितकी तक्रारही उतरते, असं दिसलं. त्याआधी, २०१३ मध्ये, दुसऱ्या एका छाननीत वेग आणि तक्रार यांच्या सुधारणेत काहीच नातं आढळलं नव्हतं. मेयोच्या गटाचं म्हणणं असं की नातं आधीपासून होतं, मोजमापच कच्चं होतं.

दुसरी भूमिका जागेची. बेल्जियमच्या लुवेन इथल्या यान टॅक यांच्या गटानं १९९८ मध्ये अडथळा नसलेल्या अपचनाचे, म्हणजे फंक्शनल डिस्पेप्सियाचे, ४० रुग्ण फुग्याच्या पद्धतीनं तपासले. त्यांतल्या ४० टक्के रुग्णांत जठराचा वरचा भाग नीट सैल पडत नव्हता, आणि चार घासांत पोट भरण्याची तक्रार या रुग्णांतच जास्त होती. त्यांना सुमाट्रिप्टान हे वरचा भाग सैल करणारं औषध दिल्यावर जास्त खाता आलं. या भूमिकेचं बळ वेळेच्या प्रश्नात आहे. पहिल्या पाच मिनिटांतली तक्रार पहिल्या पाच मिनिटांत होणाऱ्या कामाशी जोडणं अधिक सयुक्तिक वाटतं. तिची मर्यादा ही की सैल न पडणाऱ्या जठराच्या सगळ्याच माणसांना त्रास होत नाही, आणि काहींचं जठर व्यवस्थित सैल पडूनही पोट भरतं. तिथं जठराच्या भिंतीची संवेदना वाढलेली असावी, असं मानतात.

तिसरी भूमिका गॅस्ट्रोपॅरेसिस आणि फंक्शनल डिस्पेप्सिया या दोन नावांमधली भिंतच नाकारते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पाठबळावर चालणाऱ्या गॅस्ट्रोपॅरेसिस संशोधनगटानं २०२१ मध्ये ९४४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तपासणीत वेग मंद निघाला त्यांना गॅस्ट्रोपॅरेसिस आणि न निघाला त्यांना फंक्शनल डिस्पेप्सिया, अशी विभागणी होती. दोन्ही गटांच्या तक्रारी जवळजवळ सारख्या होत्या. ४८ आठवड्यांनी पुन्हा वेग मोजला तेव्हा गॅस्ट्रोपॅरेसिसच्या ४२ टक्के रुग्णांचा वेग ठीक निघाला आणि दुसऱ्या गटातल्या ३७ टक्क्यांचा मंद. तक्रारी मात्र त्या प्रमाणात बदलल्या नव्हत्या. काहींच्या जठराच्या भिंतीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर काहाल पेशींची झीज दोन्ही गटांत होती. एकाच रोगाच्या पट्ट्यावरच्या या दोन जागा आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. यावर आक्षेप असा की हे रुग्ण मोठ्या केंद्रांत पोहोचलेले, जुने आणि अवघड होते. गल्लीतल्या दवाखान्यात येणाऱ्या माणसाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होईलच असं नाही.

मला या तीन भूमिका एकमेकींना खोडणाऱ्या वाटत नाहीत. व्हेगस कापलेल्या रुग्णांनी जे दाखवलं ते आठवलं तर मूळ बिघाड नसेत आणि लय देणाऱ्या पेशींत आहे, आणि तो कुणात वरच्या भागावर, कुणात खालच्या, कुणात दोन्हींवर दिसतो, ही मांडणी पुराव्याला जास्त धरून आहे. पण रुग्णापुढं बसलेल्या डॉक्टरला आज एक निर्णय घ्यायचा असतो, आणि तिथं वेगाचा आकडा अजूनही कामाला येतो.

एक नमुना

समजण्यासाठी एक कल्पित रुग्ण घेऊ. असे रुग्ण दवाखान्यात नेहमी येतात. वय ५४, चौदा वर्षांचा मधुमेह, पायांना मुंग्या, जेवणाआधी जलद काम करणारं इन्सुलिन. सहा महिन्यांपासून अर्ध्या भाकरीत पोट भरतं. आठवड्यातून एखादी उलटी होते, आणि त्या उलटीत सकाळची मेथीची भाजी संध्याकाळी ओळखू येते. ताक, पेज सहज जातं; भाकरी, डाळिंब्या, कोशिंबीर जात नाही. यांशिवाय एक विचित्र गोष्ट घडते: जेवणानंतर तासाभरात घाम सुटतो, साखर ६० वर येते आणि चार तासांनी २६० वर जाते.

या वर्णनात ‘पोट भरतं’ हे एकटंच असतं तर फार काही सांगता आलं नसतं. अडथळा नसलेल्या अपचनाच्या रुग्णांत साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाचाच वेग मंद निघतो. इथं मात्र सोबतच्या खुणा वजनदार आहेत. कित्येक तासांपूर्वीचं अन्न उलटीत दिसणं हे थेट साठवणीकडं बोट दाखवतं. घन जात नाही पण पातळ जातं, म्हणजे दळण्याचं काम बिघडलं आहे. आणि साखरेचा तो उलटा झोका: इन्सुलिन ठरल्या वेळी कामाला लागतं, अन्न अजून जठरातच असतं, म्हणून आधी साखर कोसळते, अन्न उशिरा उतरतं तेव्हा इन्सुलिनचा जोर ओसरलेला असतो, म्हणून मग चढते. अनेकदा पोटाच्या डॉक्टरपेक्षा मधुमेहाच्या डॉक्टरला पहिली शंका येते ती या झोक्यामुळं.

एंडोस्कोपीत अडथळा नाही, पण रात्रभर उपाशी असूनही जठरात अन्नाचा अवशेष दिसतो. जठर मंद करणारी औषधं चालू नाहीत हे तपासून, साखर आवरून प्रमाण तपासणी होते. दोन तासांनी ७१ टक्के, चार तासांनी २८ टक्के. १० ते २० हा सौम्य, २० ते ३५ हा मध्यम मंदपणा मानतात, तेव्हा हा मध्यम.

आहार हा पहिला उपाय, आणि इथं एक मोठी विसंगती समोर येते. मधुमेहात दिलेला नेहमीचा सल्ला असतो कोशिंबिरी, सालासकट फळं, पालेभाज्या, कोंडा. मंद जठराला नेमकं हेच जड जातं. तंतू दळले जात नाहीत, आणि क्वचित ते जठरातच गुंतून त्यांचा गोळा बनतो. स्वीडनमधल्या एका तुलनात्मक अभ्यासात मधुमेही रुग्णांना बारीक कणांचा, सहज कुस्करला जाणारा आहार दिला, तेव्हा मळमळ, उलटी आणि जेवणानंतरचा जडपणा नेहमीच्या मधुमेही आहारापेक्षा जास्त उतरला. आपल्याकडं याचा अर्थ भाकरीऐवजी उकड, मऊ भात आणि मुगाचं वरण, चाळलेला भोपळ्याचा रस्सा, साल-बी काढून शिजवलेलं फळ. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान. तूप-तेल घन अन्नासोबत कमी, कारण स्निग्ध पदार्थ आतड्यात पोहोचले की जठराला हळू चालण्याचा निरोप जातो. इन्सुलिन जेवणाआधी की नंतर, हे डॉक्टरांनी नव्यानं ठरवायचं. रुग्णानं स्वतः बदलायचं नाही.

उपचारांनी काय सांगितलं

औषधांचा इतिहास फारसा सुखाचा नाही. मेटोक्लोप्रमाइड या विकारासाठी अमेरिकेत मान्य आहे, पण चेहऱ्याच्या आणि जिभेच्या न थांबणाऱ्या हालचालींच्या धोक्यामुळं २००९ पासून त्यावर कडक इशारा आहे आणि बारा आठवड्यांहून जास्त देऊ नये असं सांगितलं जातं. सिसाप्राइड हृदयाच्या लयीवर परिणाम करतं म्हणून २००० मध्ये तिथल्या बाजारातून उठलं. भारतात आम्लाच्या गोळीसोबत एकत्र मिळणारं डोमपेरिडोनही हृदयाची लय बिघडवू शकतं. आपल्याकडं भरपूर लिहून दिल्या जाणाऱ्या लेव्होसल्पिराइडमुळं वयस्कर माणसांत कंप आणि ताठरपणा येऊ शकतो, आणि तो कंपवात समजून त्याचे वेगळे उपचारही सुरू होतात. ‘गॅसची गोळी’ म्हणून ही औषधं वर्षानुवर्षं चालू ठेवू नयेत, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं.

जागेच्या बाजूनं जपाननं २०१३ मध्ये अ‍ॅकोटियामाइड या औषधाला मान्यता दिली. जेवणानंतरचा जडपणा आणि लवकर पोट भरणं या तक्रारींवर त्याचा थोडा फायदा दिसतो. वेगाच्या बाजूनं, दुर्बिणीतून जठराच्या दाराचा स्नायू आतून कापण्याची पद्धत २०१३ पासून माणसांत वापरली जाते. प्रागच्या गटानं २०२२ मध्ये ४१ रुग्णांत खरी आणि लटकी शस्त्रक्रिया यांची तुलना केली. सहा महिन्यांनी खरी झालेल्या ७१ टक्के आणि लटकी झालेल्या २२ टक्के रुग्णांची तक्रार निम्म्यावर आली. दार उघडल्यानं बरं वाटतं, हे वेगाच्या भूमिकेला बळ देतं. उलट जठराला विजेचे सूक्ष्म झटके देणाऱ्या यंत्रानं २०२० च्या फ्रेंच अभ्यासात उलट्या कमी झाल्या, पण वेग बदलला नाही. आणि ज्यांचा वेग आधीपासून ठीक होता त्यांनाही गुण आला. दोन उपचारांनी दोन वेगळ्या दिशांना पुरावा दिला आहे.

काय उरलं आहे

सगळ्यात मोठी उणीव ही की एकाच जेवणात, एकाच माणसात, वरचा भाग किती सैल पडला आणि खालचा किती वेगानं दळतो, हे सहज मोजणारी तपासणी रोजच्या वापरात नाही. गॅमा कॅमेऱ्याच्या त्याच चित्रांत अन्न जठराच्या कुठल्या भागात आहे तेही दिसतं. जेवताक्षणी ते वर न थांबता खाली घसरलं तर वरचा भाग सैल पडला नाही असं मानता येतं. काही केंद्रं हे वाचू लागली आहेत, पण बहुतेक अहवालांत फक्त उरलेल्या टक्क्यांचा आकडा येतो.

दुसरा उरलेला प्रश्न मोजमाप टिकाऊ आहे का, हा. वर्षभरात दोन गटांतले एवढे रुग्ण जागा बदलत असतील तर एका तपासणीवर आयुष्यभराचं निदान बांधायचं का? आणि सेमाग्लुटाइडसारखी औषधं घेणाऱ्यांची संख्या वाढत असताना, औषधानं मंदावलेलं जठर आणि रोगानं मंदावलेलं जठर वेगळं कसं काढायचं? औषध थांबवून पुन्हा मोजणं हा सरळ मार्ग आहे, पण मधुमेही रुग्णात ते प्रत्येक वेळी शक्य होत नाही.

तिसरा प्रश्न आपल्या पानाशी थेट संबंधित आहे. प्रमाण आकडे आले ते अंड्याच्या पांढऱ्या भागाच्या, जवळजवळ स्निग्धांश नसलेल्या जेवणावरून. अंडं न खाणाऱ्या रुग्णांसाठी भारतातल्या काही केंद्रांनी इडलीसारख्या पदार्थावर ही तपासणी बसवली आहे. पण पदार्थ बदलला की दोन आणि चार तासांच्या मर्यादाही नव्यानं ठरवाव्या लागतात, त्यासाठी निरोगी माणसांना तेच जेवण देऊन आधी मोजावं लागतं. इडलीवर मोजलेला २० टक्क्यांचा अवशेष अंड्याच्या जेवणाच्या १० टक्क्यांच्या रेषेशी लावला, तर निरोगी माणूस रोगी ठरू शकतो किंवा रोगी निरोगी. त्यामुळं हातात अहवाल येईल तेव्हा त्यावर तीन गोष्टी लिहिल्या आहेत का, ते आधी पाहावं: जेवण कोणतं होतं, चार तासांचं चित्र घेतलं का, आणि त्या जेवणासाठी त्या केंद्राची स्वतःची मर्यादा काय आहे.